कच्च्या मटण बिर्याणीसोबत कोणती वाइन? एका मेजवानीचे प्रकरण

पार्श्वभूमी

एका कुटुंबाने घरीच मोठी मेजवानी ठरवली होती. पाहुणे चौदा होते आणि त्यांपैकी नऊ जण वाइन घेणारे होते. मुख्य पदार्थ कच्च्या गोश्ताची दम बिर्याणी होता. ज्यांना तिखट झेपत नाही, अशा ज्येष्ठांसाठी आणि मुलांसाठी मटणाच्या नळ्यांचा यखनी पुलाव करायचा होता. सोबत मिरचीचे सालन आणि दह्याचे रायते असणार होते. यजमानांनी वाइनची खरेदी आधीच उरकली होती. मटण आहे तेव्हा दमदार रेड वाइन हवी, या सर्वमान्य समजुतीने त्यांनी ओकच्या पिंपात मुरलेल्या, साडेचौदा टक्के अल्कोहोल असलेल्या कोवळ्या कॅबर्ने सोव्हिन्योंच्या सहा बाटल्या आणल्या होत्या. वाइन चांगली होती आणि भाजलेल्या मटणासोबत ती त्यांनी अनेकदा आवडीने घेतलेली होती.

मेजवानीच्या आधीच्या आठवड्यात आचाऱ्यांनी एक किलो मटणाची छोटी हंडी करून पाहिली. त्या जेवणात ही वाइन उघडली आणि सगळा बेत अडखळला. पहिला घोट ठीक गेला. चार-पाच घासांनंतर मात्र तोंडात आग होऊ लागली, वाइन कडू लागू लागली आणि बिर्याणीतला केशर-केवड्याचा वास कुठल्या कुठे गेला. यजमानांनी मला बोलावले ते याच टप्प्यावर. त्यांचा प्रश्न सरळ होता: दोष वाइनमध्ये आहे, बिर्याणीत आहे, की दोघांना एकत्र आणण्यात?

अडचण नेमकी कुठे होती

उत्तर शोधण्यासाठी आधी बिर्याणी कशी घडते ते पाहावे लागते, कारण वाइनला सामोरे जाणारा पदार्थ केवळ मटण नसतो. कच्च्या गोश्ताच्या बिर्याणीत मटण न शिजवता दही, कच्च्या पपईचा गर, आले-लसूण, हिरवी आणि लाल मिरची, पुदिना, गरम मसाला आणि कुरकुरीत तळलेला कांदा यांत रात्रभर मुरवले जाते. तांदूळ वेगळा, खड्या मसाल्यांच्या पाण्यात अर्ध्याहून थोडा जास्त शिजवून निथळतात आणि मटणाच्या थरावर पसरतात. वर केशराचे दूध, तूप आणि केवडा घालून झाकण कणकेने लिंपतात. आधी मोठ्या आचेवर आणि नंतर तव्यावर मंद आचेवर दम देतात. परिणाम असा की, एकाच हंडीत दोन पदार्थ असतात. वरचा भात सौम्य, सुगंधी आणि जवळजवळ बिनतिखट असतो, तर तळाचा भात मसाला, चरबी, दह्याचा आंबटपणा आणि मिरची पिऊन बसलेला असतो. चांगला वाढपी उलथणे उभे खाली घालून तळापासून वाढतो. तरीही ताटातला प्रत्येक घास वेगळा निघतो.

म्हणून आम्ही बिर्याणी एकत्र न चाखता चार वेगवेगळे घास घेतले आणि प्रत्येकानंतर त्याच कॅबर्नेचा एक घोट घेतला. वरचा पांढरा-केशरी भात घेतला तेव्हा वाइनने त्याला पार झाकून टाकले, पण त्रास असा काही झाला नाही. मसाला पुसून घेतलेल्या मटणाच्या तुकड्यासोबत वाइन सुंदर लागली. मांसातली चरबी आणि मीठ यांमुळे तिचा तुरटपणा मवाळ झाला. तळच्या मसालेदार भातासोबत चित्र बदलले: हिरड्यांवर खरखर आली, घशाशी उष्णता उसळली आणि फळाची चव नाहीशी झाली. चौथा घास सालनात कालवलेला होता. त्यानंतर घेतलेली वाइन निव्वळ कडू आणि आंबट लागली.

हे चार घास सगळ्या प्रकरणाची किल्ली ठरले. यजमानांची समजूत मटणापुरती खरीच होती. मटण आणि कॅबर्ने यांचे जमत होते. जमत नव्हते ते मटणाभोवतीच्या गोष्टींशी, आणि बिर्याणीत त्या गोष्टींचाच वाटा मोठा असतो.

त्यांतली पहिली गोष्ट मिरची. मिरचीतले कॅप्सेसिन ज्या संवेदकांना चेतवते, ते उष्णतेची जाणीव करून देणारे संवेदक असतात, आणि अल्कोहोलदेखील त्यांनाच अधिक हळवे करते. म्हणून साडेचौदा टक्क्यांची वाइन मिरचीची आग शमवत नाही, ती वाढवते. भर म्हणजे ही आग साठत जाते. पहिल्या घासाला जे सुसह्य वाटते, ते अर्धे ताट संपेपर्यंत दुप्पट जाणवू लागते, आणि म्हणूनच एक घास व एक घोट घेऊन दिलेला निकाल बिर्याणीच्या बाबतीत फसवा ठरतो.

दुसरी गोष्ट टॅनिन. कोवळ्या कॅबर्नेतले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटते, तोंडाचा ओलावा कमी होतो आणि तुरटपणा जाणवतो. मिरचीने आधीच हुळहुळलेल्या तोंडाला हाच तुरटपणा ओरखड्यासारखा लागतो. तिसरी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: तळलेला कांदा. कांदा मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत तळला की त्याचा गोडवा एकवटतो. पदार्थात गोडवा असला की कोरडी, म्हणजे साखर न उरलेली वाइन आपोआप अधिक आंबट, अधिक कडू आणि पातळ भासते. बिर्याणी कुणाला गोड वाटत नाही, पण तिच्यात घातलेल्या कांद्याचे प्रमाण पाहिले, तर वाइनला तो गोडवा का लागतो हे कळते. सालनातही हेच घडते. त्यात शेंगदाणे, तीळ आणि चिंच असते, मिरची तर असतेच. त्यामुळे कडवटपणा, आंबटपणा आणि तिखट हे तिन्ही एकाच वाटीत येतात.

विचारात घेतलेले पर्याय

यजमानांचा पहिला आग्रह स्वाभाविक होता: घेतलेल्या बाटल्यांचेच काही करता येईल का? त्यांच्या थोरल्या बंधूंनी वाइन आधी दोन तास काचेच्या सुरईत ओतून ठेवण्याचे सुचवले. हवा लागली की कोवळ्या रेड वाइनचा वास मोकळा होतो आणि ती तोंडात थोडी सैल लागते, हे खरे आहे. पण मुळातले टॅनिन त्याने जात नाही आणि अल्कोहोल तर तसेच राहते. दुसरी सूचना वाइन गार करून देण्याची होती. गारव्याने अल्कोहोलची झळ कमी भासते, मात्र थंड टॅनिन अधिक कडक लागते, म्हणजे एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने जाते. तीच बाटली तेरा अंशांवर चाखून पाहिली तेव्हा हिरड्यांची खरखर खरोखरच वाढली आणि तो मार्ग तिथेच सोडला.

बिर्याणीतले तिखट कमी करणे हाही एक मार्ग होता. आचाऱ्यांनी त्याला स्पष्ट नकार दिला, आणि माझ्या मते त्यांचे बरोबर होते. मिरची कमी केली की दह्याचा आंबटपणा आणि कांद्याचा गोडवा उघडे पडतात. पदार्थाचा तोल मोडतो. ज्या पदार्थासाठी माणसे जमणार आहेत, तो वाइनच्या सोयीसाठी बदलणे मला पटत नाही.

मग नव्या वाइनकडे वळलो. शिराझचे नाव लगेच पुढे आले, कारण काळ्या मिरीला तिचा वास देणारे रोटुंडोन हेच संयुग काही शिराझ वाइनमध्येही आढळते आणि मसाल्याला मसाल्याची जोड हा तर्क आकर्षक वाटतो. पण वासाचे नाते जुळल्याने तोंडातली आग कमी होत नाही. उपलब्ध शिराझमध्ये अल्कोहोल जवळपास कॅबर्नेइतकेच होते, शिवाय ओकचा लवंगेसारखा वास हंडीतल्या लवंगेवर स्वार होत होता. कोरड्या स्पार्कलिंग वाइनचा विचार थोडक्यात झाला. तिचे बुडबुडे तुपाचा थर तोंडातून छान धुतात, पण कार्बन डायऑक्साइड स्वतःच जिभेला चुरचुरतो आणि सालनानंतर ती चुरचुर सहन होत नाही.

खरी चुरस दोन व्हाइट वाइनमध्ये होती, आणि इथेच निर्णय कठीण झाला.

पहिली होती गेव्हुर्त्स्ट्रामिनर. मसालेदार आशियाई जेवणासोबत हिचे नाव नेहमी घेतले जाते आणि त्याला आधार आहे. या द्राक्षवाणात गुलाबाची आठवण करून देणारी सुगंधी द्रव्ये भरपूर असतात. केशर, केवडा आणि वेलदोडा असलेल्या वरच्या भातासोबत ती चाखली तेव्हा भाताचा सुगंध आणि वाइनचा सुगंध असा काही एकमेकांत मिसळला की, सगळ्यांनी तिलाच पसंती दिली असती. पण या वाणात आम्लता स्वभावतःच कमी असते, अल्कोहोल बऱ्याचदा साडेतेरा-चौदा टक्क्यांपर्यंत जाते आणि शेवटी एक हलकी कडवट चव उरते. आम्ही अर्धे ताट संपल्यावर तिच्याकडे पुन्हा वळलो, तेव्हा तूप आणि चरबी यांपुढे ती जड वाटली, घशाशी उष्णता जाणवली आणि दह्याच्या आंबटपणापुढे ती सपक झाली. पदार्थात आंबटपणा असेल तर वाइनमध्ये निदान तितका तरी असावा लागतो. नाहीतर वाइनचा जीव जातो.

दुसरी होती जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातली काबिनेट दर्जाची, किंचित गोड रिसलिंग. अल्कोहोल साडेआठ टक्के, चव लिंबू आणि हिरव्या सफरचंदाची, आम्लता चढी, आणि त्या आम्लतेमागे लपलेला गोडवा. वरच्या भातासोबत ती गेव्हुर्त्स्ट्रामिनरइतकी मोहक नव्हती. तिचा सुगंध केवड्याशी नाते सांगत नाही, शेजारी शांतपणे उभा राहतो. पण तळच्या भातासोबत तिने आपले काम दाखवले. गोडव्याने मिरचीची धार बोथट झाली, आम्लतेने तूप कापले, दह्याशी आणि चिंचेशी तिची बरोबरी झाली, आणि टॅनिन जवळजवळ नसल्याने खरखरीचा प्रश्नच आला नाही. मुख्य म्हणजे अर्धे ताट संपल्यावरही तिची चव तीच राहिली. उलट तोंड तिखट झाल्यावर तिचा गोडवा कमी जाणवू लागला आणि ती अधिक कोरडी, अधिक ताजी भासली.

रेड वाइन हवीच असे म्हणणारे दोघे-तिघे होते. त्यांच्यासाठी बोजोले भागातली गामे द्राक्षांची एक वाइन चाखली: साडेबारा टक्के अल्कोहोल, टॅनिन कमी, लाल फळांचा रसरशीत स्वाद, ओकचा वास नाही. अशी रेड वाइन तेरा-चौदा अंशांपर्यंत गार केली तरी कडक होत नाही. बिर्याणीसोबत ती चांगली चालली, सालनासोबत मात्र नाही.

निर्णय आणि त्यामागची कारणे

बिर्याणीसाठी रिसलिंग मुख्य वाइन ठरली, गामे तिची जोडीदार ठरली, आणि कॅबर्नेला मेजवानीतून काढण्याऐवजी यखनी पुलावाकडे हलवले. या शेवटच्या निर्णयाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे.

यखनी पुलाव दिसायला बिर्याणीचा भाऊबंद असला, तरी वाइनच्या दृष्टीने तो वेगळ्या घरचा आहे. त्यात मटण आणि नळ्या बडीशेप, धणे, आले आणि खड्या मसाल्यांच्या पुरचुंडीसह पाण्यात तासन्‌तास मंद आचेवर शिजतात आणि त्याच रश्शात तांदूळ शिजवला जातो. मिरची जवळजवळ नसते आणि दही एकतर नसते किंवा नाममात्र असते. दीर्घकाळ शिजताना मांसातल्या संयोजी ऊतींचे जिलेटिन होते आणि रश्शाला ओठ चिकटतील असा दाटपणा येतो. हा चिकट, खारट, चरबीयुक्त रस टॅनिनला जणू अंगावर घेतो. कॅबर्नेचा जो तुरटपणा बिर्याणीत ओरखडत होता, तोच पुलावानंतर तोंड स्वच्छ करू लागला. म्हणजे मंद आचेवर शिजलेला मांस-भात असे एकच नाव देऊन दोन्ही पदार्थांना एकच वाइन लावणे चुकीचे ठरले असते. विभागणी मांसावरून नव्हे, तर मिरची, आंबटपणा आणि गोडवा यांवरून करावी लागते.

रिसलिंग खरेदी करताना एक व्यावहारिक अडचण आली. बाटलीवरून गोडवा ओळखायचा कसा? रिसलिंग पूर्ण कोरडीही असते आणि अतिशय गोडही. इथे अल्कोहोलचा आकडा उपयोगी पडतो. यीस्ट द्राक्षांतल्या साखरेचे अल्कोहोल करते. ते काम मध्येच थांबवले की साखर उरते आणि अल्कोहोल कमी राहते. त्यामुळे जर्मन काबिनेट बाटलीवर आठ-नऊ टक्के लिहिले असेल, तर तिच्यात गोडवा आहे असे समजायला हरकत नाही, आणि बारा टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर ती बहुधा कोरडी असते. ‘ट्रोकन’ हा शब्द असेल तर ती कोरडीच. यजमानांनी दुकानातून पहिल्यांदा उचललेली बाटली नेमकी ट्रोकन होती. आकडा पाहून ती परत ठेवली आणि दुसरी घेतली. हवी ती रिसलिंग मिळाली नसती, तर व्हूव्रे भागातली ‘दमी-सेक’ म्हणजे अर्धकोरडी शनँ ब्लाँ घ्यायची, असे ठरवून ठेवले होते. तिच्यातही आम्लता आणि गोडवा यांची हीच जोडी मिळते, फक्त अल्कोहोल थोडे जास्त असते.

प्रमाणाचा हिशोब साधा ठेवला. साडेसातशे मिलिलिटरच्या बाटलीत दीडशे मिलिलिटरचे पाच पेले होतात, पण गार वाइन मोठ्या पेल्यात भरली की जेवता जेवता कोमट होते. म्हणून पेला शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त भरायचा नाही आणि लागेल तशी भर घालायची, असे ठरले. नऊ जणांसाठी रिसलिंगच्या चार, गामेच्या दोन आणि कॅबर्नेच्या दोन बाटल्या पुरेशा होत्या.

आणखी एक निर्णय छोटा पण महत्त्वाचा होता. यजमानांच्या एका जवळच्या स्नेह्यांना गोड वाइनचे वावडे होते. “गोड वाइन म्हणजे सरबत,” असे त्यांचे ठाम मत. त्यामुळे रिसलिंग जेवणाआधी हातात द्यायची नाही, बिर्याणीचे ताट समोर आल्यावरच ओतायची, असे ठरवले. नुसत्या पोटी, नुसत्या जिभेवर तिचा गोडवा पुढे येतो. मसालेदार घासामागून घेतली की तो मागे सरतो. जेवणाआधी द्यायला काही हवे होते त्यासाठी गामेची एक बाटली उघडायची ठरली.

प्रत्यक्ष मेजवानीत काय घडले

मेजवानीच्या दिवशी हंडी मोठी होती आणि हिरवी मिरची वेगळ्या जातीची आली होती. दम उतरवून कणीक फोडली, तेव्हाच वाफेत मिरचीचा झणका जाणवला. आचाऱ्यांनी तळाचा भात चाखून सांगितले की, चाचणीच्या हंडीपेक्षा तिखट चढले आहे. ही शक्यता गृहीत धरलेली नव्हती, पण निवडलेल्या वाइनमध्ये तिला तोंड देण्याची गुंजाईश होती. दोन गोष्टी जागच्या जागी बदलल्या. रिसलिंगच्या बाटल्या फ्रीजमधून काढून अर्धे पाणी आणि अर्धा बर्फ असलेल्या बादलीत ठेवल्या, म्हणजे ती दहा अंशांऐवजी सात-आठ अंशांवर गेली. गारव्याने मिरचीची जाणीव तेवढ्यापुरती दबते आणि जास्त गोड न वाटता वाइन अधिक तरतरीत लागते. दुसरे म्हणजे सालन ताटात वाढण्याऐवजी बाजूला वाटीत ठेवले आणि रायते आधी वाढले. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाण्याने किंवा वाइनने ते धुऊन निघत नाही. दुधातले केसिन हे प्रथिन मात्र ते जिभेवरून सोडवायला मदत करते. आग विझवण्याचे काम रायत्याकडे सोपवले की वाइनला चवीचे काम करायला मोकळीक मिळते.

पहिल्या वाढपात रिसलिंग सगळ्यांना आवडली असे म्हणता येणार नाही. एक-दोघांनी मटणासोबत व्हाइट वाइन पाहून भुवया उंचावल्या आणि गामे मागितली. गामे वरच्या भातासोबत आणि मटणाच्या तुकड्यांसोबत खरोखर छान लागत होती. लाल फळांचा स्वाद तळलेल्या कांद्याच्या कडेने चांगला बसत होता. पण ज्यांनी सालन कालवून घेतले, त्यांच्या पेल्यातली गामे पाचव्या-सहाव्या घासाला पातळ आणि आंबट झाली, आणि त्यांनी स्वतःहून पेला बदलला. गोड वाइन न चालणारे स्नेही जेवणाच्या मध्यावर रिसलिंगचा दुसरा पेला मागत होते. ती गोड आहे हे त्यांना यजमानांनी जेवण झाल्यावर सांगितले. त्यांचे उत्तर असे होते: “गोड असेल, पण ताटासमोर नाही.”

पुलावाच्या टोकाला बसलेल्या ज्येष्ठांकडे कॅबर्ने गेली होती. तिथे ती सतरा अंशांच्या आसपास ओतली आणि नळीतला मगज भातावर काढून खाणाऱ्यांना ती विशेष रुचली. गंमत म्हणजे बिर्याणी खाणाऱ्या एका तरुण पाहुण्याने तिथून कॅबर्नेचा पेला उचलून नेला आणि दोन घोटांनंतर तो तसाच टेबलावर ठेवून दिला. चाचणीतले निरीक्षण असे नकळत पुन्हा एकदा तपासले गेले.

निष्पत्ती

रिसलिंगच्या चारही बाटल्या बिर्याणी संपण्याआधी संपल्या. गामेची एक बाटली पूर्ण आणि दुसरी अर्धी गेली. कॅबर्नेच्या दोन्ही बाटल्या पुलावासोबत संपल्या आणि उरलेल्या चार यजमानांनी भाजलेल्या मटणाच्या जेवणासाठी ठेवून दिल्या. यजमानांच्या मते सर्वांत मोठा फरक असा होता की, चाचणीच्या जेवणात मध्यावर सगळ्यांनी वाइन सोडून पाणी मागितले होते. या वेळी पाण्याचे जग आणि वाइनचे पेले दोन्ही शेवटपर्यंत चालू राहिले. माझ्या दृष्टीने बिर्याणीचा सुगंध जाणवत राहणे ही अधिक बोलकी खूण होती. वाइनने तोंड पेटवले की सगळ्यात आधी केशर आणि केवडा नाहीसे होतात, आणि इथे शेवटच्या घासापर्यंत लोक त्यांच्याविषयी बोलत होते.

वेगळे काय करता आले असते

दोन ठिकाणी वेगळा निर्णय अधिक चांगला ठरला असता.

पहिले, चाचणी आणि प्रत्यक्ष हंडी यांतल्या तिखटाचा फरक. मिरचीची जात बदलली की तिखट कितीतरी बदलते, आणि एक किलोवरून अनेक किलोंवर जाताना मसाल्याचे प्रमाणही हुबेहूब राहत नाही. त्यामुळे चाचणीत मुद्दाम नेहमीपेक्षा एक-दोन मिरच्या जास्त घालून केलेला घास चाखायला हवा होता. जी वाइन या जादा तिखट घासासोबतही टिकते, ती मेजवानीला न्यायची. रिसलिंग या परीक्षेत उतरली असती, गामे बहुधा नसती, आणि मग गामेऐवजी दुसरी काही वाइन शोधता आली असती. उदाहरणार्थ, कमी टॅनिनची, लालसर, फेसाळ आणि किंचित गोड लांब्रुस्को घेऊन पाहता आली असती. तिच्या बुडबुड्यांविषयी वर सांगितलेली शंका तशीच राहते, पण तिच्यातला गोडवा ती शंका कितपत पुसतो हे चाखूनच ठरवण्यासारखे आहे.

दुसरे, गेव्हुर्त्स्ट्रामिनर. पूर्ण ताटासाठी ती मागे पडली हे योग्यच होते; तरी वरच्या भातासोबत तिने दिलेला आनंद वाया गेला. हंडी उघडल्यावर आचारी पाहुण्यांना आधी वरचा केशरी भात थोडासा, सालनाशिवाय, मसाल्याशिवाय वाढू शकले असते आणि त्यासोबत गेव्हुर्त्स्ट्रामिनरचा पन्नास-साठ मिलिलिटरचा छोटा पेला देता आला असता. त्यानंतर तळाचा भात, मटण आणि रिसलिंग. यासाठी एकच बाटली पुरेशी होती, कारण नऊ छोटे पेले मिळून पाचशे मिलिलिटरच्या आसपासच लागतात. वाढण्याची पद्धत मात्र बदलावी लागली असती. तळापासून उभे वाढायचे सोडून आधी वरचा थर अलगद काढायचा, आणि तोही हंडीतली वाफ निघून जाण्याआधी, कारण केवड्याचा वास उघड्या हंडीत फार वेळ थांबत नाही.

यजमान पुढच्या खेपेला हाच क्रम ठेवणार आहेत. आचाऱ्यांची त्याला एकच अट आहे: वरचा थर काढल्यावर हंडी पुन्हा झाकायची आणि पाच मिनिटे तव्यावर ठेवायची, नाहीतर खालचा भात वाढेपर्यंत गार होऊन तूप थिजते. तसे तूप थिजले, तर रिसलिंगची आम्लताही त्याला पुरी पडणार नाही, म्हणून ही अट आम्ही दोघांनीही मान्य केली आहे.